टाका तुटला, रक्त आलं: आता काय?

लिंगाच्या टोकाखाली, पुढची कातडी मागे सरकवली की मधोमध त्वचेची एक बारीक उभी पट्टी दिसते. वैद्यकात तिला फ्रेन्युलम म्हणतात, बोलीत टाका. पुढची कातडी मागे जाते तेव्हा ती ताणली जाते. काही पुरुषांत ही पट्टी जन्मतःच आखूड असते. एरवी ते लक्षातही येत नाही. लिंग ताठ असताना कातडी पूर्ण मागे घेतली की टोक खाली ओढलं जातं, वाकतं आणि तिथे चुणचुणतं. संभोगाच्या वेळी घाई किंवा कोरडेपणा असेल तर हीच ताणलेली पट्टी फाटते.

या पट्टीतून एक छोटी धमनी जाते. म्हणून जखम अर्ध्या सेंटिमीटरची असली तरी रक्त भरपूर येतं आणि चादर पाहून दोघंही घाबरतात. अशा वेळी संभोग थांबवावा आणि स्वच्छ रुमाल किंवा गॉज जखमेवर ठेवून बोटांनी घट्ट दाबून धरावा. घड्याळ लावून दहा ते पंधरा मिनिटं दाबायचं आणि मध्ये उचलून बघायचं नाही, कारण नुकती धरलेली गुठळी त्यामुळे निघते. हळद, कॉफी, डेटॉल असलं काही लावू नये. बहुतेकांचं रक्त एवढ्यात थांबतं. अर्ध्या तासानंतरही वाहत असेल, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर सरळ दवाखाना गाठावा. तिथे एखादा टाका घातला की रक्त थांबतं.

पुढे रोज साध्या कोमट पाण्याने धुवावं, हलकेच टिपून कोरडं करावं. जखम पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते तीन आठवडे, संभोग आणि हस्तमैथुन दोन्ही बंद ठेवावं. उघड्या जखमेतून एचआयव्हीसारखा संसर्ग शिरायला वाट मिळते, हेही या विश्रांतीचं एक कारण आहे.

खरा त्रास सुरू होतो तो अर्धवट फाटण्यातून. समजा, सत्तावीस वर्षांच्या एका तरुणाला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात रक्त आलं. ‘पहिल्यांदा सगळ्यांचंच तुटतं’, असं मित्राने सांगितलं. ते खरं नाही, अनेकांचं कधीच फाटत नाही. चार दिवसांत दुखणं थांबलं म्हणून त्याने पुन्हा संबंध ठेवला आणि तिथेच पुन्हा फाटलं. असं तीनदा झालं. दर वेळी जखम भरताना तिथे व्रण धरत गेला. व्रणाची कातडी मूळ कातडीइतकी ताणली जात नाही, त्यामुळे पट्टी आणखी आखूड आणि कडक झाली. शेवटी भीतीपोटी तो पत्नीला टाळू लागला. उलट, कधीकधी पट्टी पहिल्यांदाच पूर्ण तुटते आणि दोन्ही टोकं वेगवेगळी भरून येतात. त्यानंतर ताण उरत नाही आणि पुढे काही करावंही लागत नाही.

त्रास सौम्य असेल तर पाण्यावर आधारित वंगण, बेताने हालचाल आणि काही जणांत डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मलम एवढ्याने भागतं. कडक व्रण मात्र मलमाने क्वचितच सैल होतो. त्यासाठी फ्रेन्युलोप्लास्टी ही छोटी शस्त्रक्रिया आहे. इंजेक्शनने जागा बधिर करतात, पट्टीवर आडवा छेद देतात आणि जखम उभी शिवतात. आडवं कापून उभं शिवल्यामुळे पट्टीची लांबी वाढते. सारं काम साधारण अर्ध्या तासात होतं आणि बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. विरघळणारे टाके दोन-तीन आठवड्यांत आपोआप पडतात, पण संभोग चार ते सहा आठवडे टाळावा लागतो. झोपेत ताठरता आली की टाके ओढले जाऊन दुखतं. उठून लघवी करून आलं की बहुधा ओसरतं. थोडा रक्तस्राव, संसर्ग आणि क्वचित पुन्हा आखडणं हे या शस्त्रक्रियेतले धोके आहेत. सुंता करण्याची वेळ सहसा येत नाही. पुढच्या कातडीचं तोंडच अरुंद असेल, तर डॉक्टर त्याचा विचार करतात.

प्रत्येक चीर मात्र टाक्याची नसते. चाळिशीच्या आसपास कातडीच्या कडेला वारंवार भेगा पडत असतील तर रक्तातली साखर तपासावी, कारण मधुमेहाची पहिली खूण कधी कधी इथेच दिसते. कातडी पांढरी आणि कडक होत असेल तर तो वेगळा त्वचाविकार असू शकतो. फोड किंवा पू दिसला तर संसर्गाची तपासणी हवी.

घरी ब्लेडने किंवा दोरा बांधून पट्टी तोडण्याचा प्रयोग कुणीही करू नये. तिथली धमनी आवरणं घरच्या माणसाचं काम नव्हे. दोनदा फाटलं की तिसऱ्या वेळेची वाट न पाहता युरोलॉजिस्ट किंवा जनरल सर्जनला दाखवा.