पैसे आले, बिल निघालं

समजा, येवल्यातलं एक पैठणीचं दुकान स्वतःच्या वेबसाइटवरून साड्या विकतं. रात्री पावणेबाराला पुण्यातली एक बाई तिथे १२,६०० रुपयांची पैठणी घेते. साडी बहिणीच्या लग्नातला आहेर आहे, म्हणून पाठवायचा पत्ता ती बेळगावचा देते. यूपीआयने पैसे भरते, फोनवर पैसे गेल्याचा मेसेज येतो आणि ती तिथेच फोन बाजूला ठेवून देते. दुकानाला केव्हाच कुलूप लागलेलं आहे. तरीही मिनिटभरात तिच्या ईमेलवर जीएसटीचं बिल येतं आणि त्यावरचा क्रमांक, कर आणि पत्ता तिन्ही बरोबर असतात. यामागची रचना साधी आहे, पण तिच्यात तीन ठिकाणी हमखास चूक होते. ती ठिकाणं दुकानाच्या मालकाला माहीत हवीत, कारण बिलावर सही त्याची असते, वेबसाइट बनवणाऱ्याची नाही.

पहिला प्रश्न हा की पैसे आले हे दुकानाच्या कॉम्प्युटरला कळतं कसं? पैसे भरून झाल्यावर ग्राहकाला ‘धन्यवाद’चं पान दिसतं, ते उघडलं की बिल बनवायचं, ही पद्धत अनेकांना पटकन सुचते. ती टिकत नाही. आपल्या या ग्राहकाने पैसे भरल्यावर यूपीआयच्या अ‍ॅपमधून परत वेबसाइटवर यायचे कष्टच घेतले नाहीत. तिच्या फोनवर ते पान उघडलंच नाही, म्हणजे पैसे जमा आणि बिल नाही. उलट बाजूही आहे. त्या पानाचा पत्ता ब्राउझरमध्ये कोणीही टाकू शकतो, म्हणजे पैसे न भरता बिल निघू शकतं.

म्हणून वर्दी ग्राहकाच्या फोनकडून घ्यायची नाही, पेमेंट गेटवेकडून घ्यायची. रेझरपे हा आपल्याकडे बराच वापरला जाणारा गेटवे आहे, उदाहरणापुरता तोच घेऊ. दुकानदार आपल्या सर्व्हरवर एक पत्ता तयार करतो आणि गेटवेला सांगून ठेवतो की ऑर्डरचे पैसे पूर्ण जमा झाले की या पत्त्यावर कळव. गेटवे मग स्वतःहून त्या पत्त्यावर मजकूर पाठवतो. यालाच वेबहुक म्हणतात. येणारा मजकूर, कामापुरता कापून, असा दिसतो:

```
{
  "event": "order.paid",
  "payload": {
    "order": {
      "entity": {
        "amount_paid": 1260000,
        "receipt": "YP-1187",
        "status": "paid"
      }
    }
  }
}
```

यातली रक्कम पैशांत आहे. 1260000 म्हणजे १२,६०० रुपये. शंभराने भागायचं राहिलं तर बारा लाख साठ हजारांच्या पैठणीचं बिल निघतं. `receipt` हा दुकानाचा स्वतःचा ऑर्डर क्रमांक आहे आणि पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

हा मजकूर खरोखर गेटवेनेच पाठवला कशावरून? त्यासाठी त्याच्यासोबत `X-Razorpay-Signature` नावाची एक ओळ येते. दुकानदार आणि गेटवे यांच्यात आधीच एक गुप्त शब्द ठरलेला असतो. तो शब्द आणि आलेला मजकूर यांवर ठरलेलं गणित केलं की एक लांबलचक आकडा तयार होतो. आपण काढलेला आणि त्यांनी पाठवलेला आकडा जुळला तरच पुढे जायचं. इथे एक बारीक खोच आहे. मजकूर जसा आला तसाच, एका अक्षराचाही बदल न करता गणितात घ्यावा लागतो. अनेक प्रोग्रॅम तो आधी उलगडतात आणि मग पुन्हा जुळवतात. त्यात एखादी मोकळी जागा इकडची तिकडे झाली तरी आकडा चुकतो आणि खऱ्या वर्द्याही खोट्या ठरतात. एकही वर्दी स्वीकारली जात नसेल तर आधी हेच तपासावं. त्याखालोखाल होणारी चूक म्हणजे वेबहुकच्या गुप्त शब्दाऐवजी खात्याची दुसरीच किल्ली वापरली जाणं.

दुसरं ठिकाण आहे तपशिलाचं. वेबहुकमधून रक्कम आणि ऑर्डर क्रमांक मिळतो, पण बिलाला नाव, पत्ता, राज्य आणि कराचा दर लागतो. हे दुकानाच्या डेटाबेसमध्ये असतं, फक्त ते दोन जागी असतं. एक म्हणजे ग्राहकाचं कायमचं खातं, ज्यात तिचा पुण्याचा पत्ता आहे. दुसरी म्हणजे ही ऑर्डर, जिच्यात तिने बेळगावचा पत्ता दिला. बिल कुठल्या नोंदीवरून काढायचं, यावर कर ठरतो.

साडीवर जीएसटी ५ टक्के. १२,६०० रुपयांत कर धरलेला आहे, म्हणजे मूळ किंमत १२,००० आणि कर ६०० रुपये. माल महाराष्ट्रातच राहणार असेल तर या ६०० चे दोन भाग होतात, ३०० सीजीएसटी आणि ३०० एसजीएसटी. माल कर्नाटकात जाणार असेल तर सगळे ६०० आयजीएसटी म्हणून दाखवावे लागतात. ग्राहक पुण्याची, माल बेळगावचा, मग राज्य कुठलं धरायचं? हा प्रश्न इतक्यांना पडला की केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने जून २०२४ मध्ये परिपत्रक काढून तो मिटवला. जीएसटी नोंदणी नसलेल्या ग्राहकाने ऑनलाइन माल घेतला आणि बिलाचा व पोचवण्याचा पत्ता वेगवेगळा असला, तर माल जिथे पोचवायचा तो पत्ता धरायचा. म्हणजे इथे कर्नाटक, राज्याचा संकेतांक २९, आणि कर आयजीएसटी.

प्रोग्रॅमने सवयीने ग्राहकाच्या खात्यातला पुण्याचा पत्ता उचलला, तर बिल सीजीएसटी आणि एसजीएसटीचं निघेल. बेरीज तीच असल्याने ग्राहकाच्या हे लक्षातही येणार नाही. लक्षात येईल ते विवरणपत्र भरताना, आणि तेव्हा योग्य खात्यात कर पुन्हा भरून चुकीच्या खात्यातला परत मागत बसावं लागेल.

यावर उपाय असा की ऑर्डर नोंदवतानाच नाव, दोन्ही पत्ते, राज्य, वस्तू, दर आणि कर यांची स्वतंत्र प्रत त्या ऑर्डरसोबत जतन करायची आणि बिल फक्त त्या प्रतीवरूनच काढायचं. पुढच्या महिन्यात ती बाई नाशिकला राहायला गेली आणि तिने खात्यातला पत्ता बदलला, तरी जुनं बिल पुन्हा उघडल्यावर त्यावर बेळगावच दिसलं पाहिजे. बिल हा त्या दिवशीच्या व्यवहाराचा पुरावा असतो.

तिसरं ठिकाण बिलाच्या क्रमांकाचं. गेटवेची वर्दी रजिस्टर पोस्टासारखी असते, सही मिळेपर्यंत पोस्टमन पुन्हा येतो. रेझरपेला पाच सेकंदांत ‘मिळालं’ असं उत्तर लागतं. ते नाही आलं तर तो तीच वर्दी पुन्हा पाठवतो आणि चोवीस तास प्रयत्न करत राहतो. त्यानंतरही उत्तर मिळालं नाही तर तो वेबहुकच बंद करून टाकतो. बिलाची पीडीएफ बनवणं आणि ईमेल पाठवणं यांत पाच सेकंद सहज जातात. बिल निघालं पण उत्तर उशिरा गेलं, असं झालं की तीच वर्दी परत येते आणि एका साडीची दोन बिलं तयार होतात. म्हणून वर्दी आली की सही तपासायची, नोंद करून ठेवायची, लगेच उत्तर द्यायचं आणि बिलाचं काम त्यानंतर करायचं. शिवाय एका ऑर्डरला एकच बिल, ही अट डेटाबेसमध्येच घालून ठेवायची, म्हणजे दुसरा प्रयत्न आपोआप फेटाळला जातो.

जीएसटीच्या नियमांनुसार बिलाचा क्रमांक जास्तीत जास्त सोळा अक्षरांचा, ओळीने येणारा आणि त्या आर्थिक वर्षात एकदाच वापरलेला असावा लागतो. डेटाबेसमध्ये आपोआप वाढणारे आकडे मिळतात, पण त्यांच्यावर विसंबू नये. एखादं काम अर्धवट फसलं तरी तो आकडा खर्ची पडतो आणि २१४ नंतर थेट २१६ येतो. जीएसटीआर-१ मध्ये कुठल्या क्रमांकापासून कुठल्या क्रमांकापर्यंत बिलं दिली आणि त्यांतली किती रद्द केली, हे लिहावं लागतं. तिथे त्या हरवलेल्या २१५ चा हिशेब द्यावा लागतो. त्यापेक्षा शेवटचा क्रमांक एका साध्या तक्त्यात ठेवावा:

```
UPDATE bill_counter
SET last_no = last_no + 1
WHERE fy = '2025-26'
RETURNING last_no;
```

हा क्रमांक वाढवणं आणि बिलाची नोंद करणं, दोन्ही एकाच व्यवहारात बांधायचं. नोंद फसली तर क्रमांकही मागे येतो आणि मध्ये भोक पडत नाही.

यातलं `fy` म्हणजे आर्थिक वर्ष, आणि तेही घात करू शकतं. बरेचसे सर्व्हर आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या घड्याळावर चालतात. १ एप्रिलला पहाटे दोन वाजता आलेली ऑर्डर त्यांच्या लेखी ३१ मार्चची असते. भारतीय वेळ धरली नाही तर हे बिल मागच्या वर्षाच्या मालिकेत जाऊन बसतं.

सगळ्याच विक्रीला ही पद्धत लागू पडत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. साडी दुकानात तयार असेल तर पैसे येताच बिल काढणं योग्यच आहे, कारण मालाचं बिल माल निघण्याआधी किंवा निघताना द्यावं लागतं. पण पैठणी विणून घ्यायची असेल तर ग्राहकाने भरलेली रक्कम आगाऊ असते आणि साडी यायला काही महिने लागू शकतात. अशा वेळी वेबहुकने फक्त आगाऊ रकमेची पावती काढावी. बिल साडी मागावरून उतरून रवाना होताना काढावं. तसंच साडी परत आली म्हणून निघालेलं बिल पुसायचं नसतं, त्यावर क्रेडिट नोट काढायची असते.

एवढं करूनही कधी इंटरनेट जाईल, कधी सर्व्हर झोपेल. म्हणून रोज रात्री एक जुळवणी चालवावी. गेटवेकडून दिवसभरातल्या पैसे जमा झालेल्या ऑर्डरींची यादी मागवायची आणि आपल्या बिलांशी ताडून पाहायची. पैसे आहेत पण बिल नाही, बिल आहे पण पैसे नाहीत, किंवा दोन्हींच्या रकमेत फरक आहे, अशा तीनच ओळी मालकाला सकाळी दिसल्या पाहिजेत. तिन्हींसमोर शून्य असेल तर काम नीट चाललंय.

वेबसाइट बनवणाऱ्याकडून काम ताब्यात घेताना मालकाने दोन गोष्टी समोर बसून करून घ्याव्यात. तीच वर्दी दोनदा पाठवायला लावावी आणि बिल एकच निघतं का ते पाहावं. मग पुण्याच्या खात्यावरून बेळगावच्या पत्त्याची ऑर्डर द्यावी आणि बिलावर आयजीएसटी लिहून येतो का ते वाचावं. या दोन चाचण्या पार पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.