क्लॉक एकच, इशारा संथ

एफपीजीए चिपला 100 मेगाहर्ट्झचा क्लॉक आहे, पण डिस्प्लेवरचा आकडा सेकंदातून एकदाच बदलायचा आहे. नवशिके मूळ क्लॉक काउंटरने भागून दुसरा, संथ क्लॉक बनवतात. तो साध्या तारांवरून फिरला, तर चिपच्या निरनिराळ्या भागांत वेगवेगळ्या वेळी पोचतो. मग एखादा फ्लिप-फ्लॉप अधूनमधून चुकीची किंमत पकडतो, आणि साध्या सिम्युलेशनमध्ये हे सहसा दिसतच नाही.

त्यापेक्षा सगळे फ्लिप-फ्लॉप मूळ क्लॉकवरच ठेवावेत. काउंटर 0 पासून 99999999 पर्यंत मोजतो आणि शेवटी एकाच ठोक्यापुरता, म्हणजे 10 नॅनोसेकंद, इनेबल देतो. आकडा तेवढ्यातच बदलतो. इनेबल चुकून दोन ठोके टिकला, तर आकडा एकाऐवजी दोनने सरकतो. मात्र या संथ भागालाही टाइमिंगचे सॉफ्टवेअर 10 नॅनोसेकंदांचीच मुदत लावते; सवलत हवी असेल तर ती वेगळी नोंदवावी लागते.