रात्री वाढलेले स्तन्यपान

स्तन्यक्षयाचे निदान करण्यापूर्वी चोवीस तासांचा हिशेब मांडावा, असे आम्ही सुचवितो. बँकेत नोकरी करणारी एक माता रजा संपल्यावर महिन्याभराने आमच्याकडे आली. तिचे सात महिन्यांचे बाळ दिवसभरात आजीकडून वाटी-चमच्याने जेमतेम 60 मिली काढलेले दूध घेई. रात्री मात्र पाच वेळा अंगावर पिई. दूध आटले, असे ठरवून घरच्यांनी शतावरी कल्प आणलाही होता. (औषधविक्रेत्या बंधूंनी अशा वेळी बाळाचे वजन विचारावे.) महिन्यात वजन 300 ग्रॅम वाढले होते, लघवी दिवस-रात्रीत सात वेळा होत होती. म्हणजे स्तन्य पुरेसे होते. आई नसताना राहिलेले बाळ रात्री भरून काढीत होते.

कल्प आम्ही थांबविला. कामास निघताना अगदी शेवटी आणि घरी येताच पाजावे, दुपारी एकदा दूध काढावे, बाळास दिवसा मऊ वरण-भात द्यावा, दुधाची सक्ती करू नये, असे सांगितले. तीन आठवड्यांत रात्रीचे पाजणे तीनवर आले. वजन थांबले असते वा लघवी सहापेक्षा कमी वेळा झाली असती, तर मात्र आम्ही बाळास त्वरित बालरोगतज्ज्ञांकडे पाठविले असते.