का, के, की आणि मराठी माणसाची रिकामी जागा

हिंदीच्या प्रश्नपत्रिकेत 'रिक्त स्थानों की पूर्ति कीजिए' हा प्रश्न दिसला की मराठी मुलांना हायसे वाटते. लिपी तीच, शब्द बरेचसे ओळखीचे, आणि भरायचे काय, तर का, के किंवा की. 'राम ___ भाई आया' इथे 'का' अचूक येतो. पुढच्या ओळीत 'सीमा ___ बहन ने गाना गाया' असते, तिथे 'के' लिहिला जातो आणि गुण जातो. 'सीमाच्या बहिणीने' हे मराठीत शंभर टक्के बरोबर आहे, म्हणूनच ही चूक होते. ज्याचे मराठी पक्के, तोही इथे फसतो, कारण तो मराठीचा नियम प्रामाणिकपणे हिंदीला लावतो. या चुका कुठून येतात, हे पाहिले की त्या ओळखता येतात.

गैरसमज : चा म्हणजे का, ची म्हणजे की आणि चे म्हणजे के

वस्तुस्थिती : ही जोडी निम्म्याच ठिकाणी जुळते. मराठीत तीन लिंगे आहेत, हिंदीत दोनच. संस्कृतातले नपुंसकलिंग मराठी, कोकणी आणि गुजरातीने टिकवले, हिंदीने सोडून दिले. त्यामुळे मराठीचा 'चे' दोन कामे करतो. 'रामाचे भाऊ' मध्ये तो पुल्लिंगी अनेकवचनाचा आहे, तर 'रामाचे घर' मध्ये नपुंसकलिंगी एकवचनाचा. हिंदीचा 'के' यातले पहिलेच काम करतो.

घराचेच उदाहरण घेऊ. 'घर' हा शब्द हिंदीत पुल्लिंगी आहे. म्हणून 'रामाचे घर' याचे हिंदी 'राम का घर' होते. आता अनेक घरे आहेत असे समजा. मराठीत आपण 'रामाची घरे' म्हणतो, हिंदीत मात्र 'राम के घर' होते. म्हणजे मराठीत चे आला तिथे हिंदीत का, आणि मराठीत ची आला तिथे हिंदीत के. चा-ची-चे ची यादी डोक्यात ठेवून जो भरतो, तो एकदा 'राम के घर बड़ा है' लिहितो आणि दुसऱ्यांदा 'राम की घर बड़े हैं'. दोन्ही चूक.

गैरसमज : आधी बाईचे नाव असेल तर की, पुरुषाचे असेल तर का

वस्तुस्थिती : मालक कोण, याचा का-के-की शी काहीही संबंध नाही. संबंध आहे तो पुढे येणाऱ्या नामाशी. मराठीतही नेमके असेच होते. सीतेचा भाऊ आणि रामाची बहीण म्हणताना कुणी अडखळत नाही. पण कागदावर रिकामी जागा आली की नजर डावीकडच्या शब्दावर थांबते आणि 'सीता ___ भाई' मध्ये 'की' पडतो.

यासाठी गाण्यांचे एक उदाहरण लक्षात राहण्यासारखे आहे. हिंदीत 'मोहम्मद रफ़ी की आवाज़' म्हणतात आणि 'लता मंगेशकर का गाना' म्हणतात. गायक पुरुष असूनही की, गायिका असूनही का, कारण हिंदीत आवाज़ स्त्रीलिंगी आहे आणि गाना पुल्लिंगी. मधे विशेषण आले तरी हिशेब बदलत नाही. 'राम ___ नई साइकिल' मध्ये नई ओलांडून साइकिलपर्यंत जायचे आणि की लिहायचा.

गैरसमज : मराठीत 'च्या' असेल तिथे हिंदीत 'के'

वस्तुस्थिती : मराठी माणसाला सर्वांत जास्त गुण घालवायला लावणारी समजूत हीच. पुढच्या नामाला विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागले की मराठीत लिंग कोणतेही असो, 'च्या' येतो : भावाच्या मुलाने, भावाच्या मुलीने, भावाच्या घरात. शिवाय स्त्रीलिंगी अनेकवचनातही तोच, जसे 'मुलीच्या वह्या'. हिंदीत हा एक 'च्या' दोन वाटांनी जातो. पुढचे नाम पुल्लिंगी असेल तर के, स्त्रीलिंगी असेल तर की.

स्त्रीलिंगी नामाआधी हिंदीत की कधीच बदलत नाही. लड़की की कॉपी, लड़की की कॉपियाँ, लड़की की कॉपी में, लड़की की कॉपियों पर. एकवचन, अनेकवचन, पुढे काहीही आले तरी की. हे एवढे पक्के केले तरी अर्ध्या चुका थांबतात. 'मुंबईच्या लोकल गाड्या' या मराठीवरून अनेकजण 'मुंबई के लोकल गाड़ियाँ' म्हणतात, तिथे 'मुंबई की लोकल गाड़ियाँ' हवे.

पुल्लिंगी नामाआधी मात्र निवड करावी लागते. एक वस्तू असेल आणि पुढे काही जोडलेले नसेल तर का. अनेक असतील तर के. एकच असली तरी तिच्यामागून में, पर, से, को, ने यांपैकी काही आले तर के. म्हणून 'दोस्त का घर बड़ा है', पण 'दोस्त के घर में बिजली नहीं है'. इथे फसवणारी गोष्ट अशी की घर हा शब्द दोन्ही वाक्यांत जसाच्या तसा दिसतो. 'कमरा'सारखा शब्द असता तर 'दोस्त का कमरा' आणि 'दोस्त के कमरे में' असा बदल डोळ्यांना दिसला असता. घर, शहर, गाँव, पेड़ हे शब्द एकवचनात रूप बदलत नाहीत, म्हणून पुढचा 'में' शोधावाच लागतो. कधी तर तो लिहिलेलाही नसतो. 'मैं राम के घर गया' या वाक्यात घरापुढे काहीच नाही, तरी अर्थ 'घरी' असा असल्याने के येतो. मराठीत आपण 'रामाच्या घरी' म्हणतो, 'रामाचे घरी' म्हणत नाही, हे आठवले तर इथे मराठीची मदतच होते.

आदराचे के वेगळे. 'राधा के पिताजी आए हैं' मध्ये वडील एकच आहेत, पण मान म्हणून अनेकवचन. आपल्या 'राधाचे बाबा आले आहेत' सारखेच. आईच्या बाबतीत आदर असला तरी 'राधा की माताजी' हेच राहते.

हे सगळे एका वाक्यात तपासून पाहता येते. 'रामाच्या मोठ्या भावाच्या दुकानाच्या दारावर' हे मराठी आहे. तीन वेळा च्या. हिंदीत ते 'राम के बड़े भाई की दुकान के दरवाज़े पर' असे होते. पहिला च्या भाईशी जोडलेला आहे. भाई पुल्लिंगी आणि त्याच्यापुढे की जोडला गेलेला, म्हणून के. दुसरा दुकानशी जोडलेला, दुकान हिंदीत स्त्रीलिंगी, म्हणून की. तिसरा दरवाज़ेशी, त्यापुढे पर, म्हणून के. शेवटचा 'पर' काढून टाकला आणि 'दरवाज़ा खुला है' असे केले, तर फक्त शेवटची जागा बदलते : राम के बड़े भाई की दुकान का दरवाज़ा खुला है.

गैरसमज : शब्द सारखा असेल तर लिंगही सारखेच

वस्तुस्थिती : ओळखीचे शब्दच सर्वांत धोक्याचे. त्यात दोन गट पडतात.

पहिला गट मराठीतल्या नपुंसकलिंगी शब्दांचा. यातले बरेचसे हिंदीत पुल्लिंगी होतात : घर, फूल, दूध, पानी, नाम, चित्र, शहर, कारण. त्यामुळे 'नपुंसक ते पुल्लिंगी' असा सोपा नियम मनात तयार होतो आणि पुस्तक, दुकान, नाक, छत, सरकार, संतान या शब्दांवर कोसळतो. हे सगळे हिंदीत स्त्रीलिंगी आहेत. 'रामाचे पुस्तक' याचे हिंदी 'राम की पुस्तक', आणि 'महाराष्ट्राचे सरकार' याचे 'महाराष्ट्र की सरकार'. पुस्तक स्त्रीलिंगी का झाले, यामागे त्याच अर्थाच्या किताब या स्त्रीलिंगी शब्दाचा प्रभाव असल्याचे मानले जाते.

दुसरा गट मराठीत पुल्लिंगी, पण हिंदीत स्त्रीलिंगी असणाऱ्यांचा. आवाज, आत्मा, देह, विजय, पराजय, मृत्यू, ऋतू, ध्वनी, अग्नी, निधी. मराठीत 'शिवरायांचा विजय', हिंदीत 'शिवाजी महाराज की विजय'. चहा आपला पुल्लिंगी, चाय त्यांची स्त्रीलिंगी. उलट दिशेचीही उदाहरणे आहेत : देवता मराठीत स्त्रीलिंगी, हिंदीत पुल्लिंगी. 'ग्रामाची देवता', पण 'गाँव का देवता'.

शेवटच्या अक्षरावरून लिंग ठरवण्याची सवयही अर्धीच कामाची. ईकारान्त शब्द बहुतेक स्त्रीलिंगी असतात हे खरे, पण पानी, घी, दही, मोती, हाथी हे पुल्लिंगी आहेत. आकारान्तांत कमरा, दरवाज़ा, रास्ता पुल्लिंगी, तर हवा, दवा, भाषा, परीक्षा, चिड़िया स्त्रीलिंगी. नवा शब्द शिकताना त्याच्यासोबत एक विशेषण जोडून ठेवावे. 'ठंडा पानी', 'नई दुकान', 'ऊँची आवाज़' असे जोडीने लक्षात राहिले की रिकामी जागा भरताना वेगळा विचार करावा लागत नाही.

गैरसमज : लिंग पाठ नसेल तर उत्तर येणारच नाही

वस्तुस्थिती : वाक्यच पुष्कळदा उत्तर सांगते. 'दादाजी ___ छड़ी टूट गई' मध्ये गई हे क्रियापद छडीचे लिंग उघड करते. 'राजू ने सीमा ___ चिट्ठी पढ़ी' मध्येही. ने असलेल्या अशा वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, राजूप्रमाणे नाही, म्हणून पढ़ी वरून चिट्ठी स्त्रीलिंगी आहे हे कळते आणि की भरता येतो. पण त्याच वाक्यात को आला की सूत्र बदलते. 'राजू ने सीमा ___ चिट्ठी को पढ़ा'. कर्माला को लागल्याने क्रियापद पढ़ा असेच राहते, ते कशाचेच लिंग सांगत नाही. इथे 'पढ़ा' पाहून का किंवा के लिहिणारे चुकतात. उत्तर कीच, आणि तेही चिट्ठीचे लिंग माहीत असेल तरच.

काही जागा तर लिंगाच्या हिशेबाने सुटतच नाहीत, कारण तिथे पुढे नामाऐवजी ठरलेले शब्दयोगी अव्यय असते. के पास, के लिए, के साथ, के बाद, के ऊपर, के बारे में यांत के कायम. की ओर, की तरफ़, की तरह, की वजह से यांत की कायम. मराठीचे 'माझ्यासारखा' डोक्यात ठेवून 'शेर ___ तरह' मध्ये के लिहिला जातो, हवा असतो की. यातही एक खाच आहे. 'गाँव की ओर' बरोबर आहे, पण मधे संख्यावाचक शब्द आला की 'गाँव के चारों ओर' असे होते.