तीन जनुकं, ६४ खाने आणि एक सोपी फांदी

बारावीच्या बायोलॉजीत किंवा नीटच्या तयारीत पनेट चौकट तुम्ही काढली असेलच. एका जनुकासाठी ४ खाने, दोन जनुकांसाठी १६. इथपर्यंत ठीक आहे. तिसरं जनुक आलं की मात्र थेट ६४ खाने होतात. प्रत्येक पालकाकडून ८ प्रकारची बीजं येतात आणि ८ × ८ चा तक्ता वहीच्या पानावर मावता मावत नाही. कामाने मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हा तक्ता बघितला की मला एकच दिसतं: आपण तेच तेच हिशेब पुन्हा पुन्हा करतोय.

त्यापेक्षा प्रश्न तीन तुकड्यांत मोडायचा. मेंडेलचाच वाटाणा घेऊ. बी गोल (R) की सुरकुतलेलं (r), पिवळं (Y) की हिरवं (y), आणि फूल जांभळं (P) की पांढरं (p). मोठं अक्षर प्रभावी. दोन्ही पालक RrYyPp आहेत.

आता फक्त आकाराकडे बघा, बाकी दोन गुण विसरा. Rr × Rr मधून RR १/४, Rr १/२, rr १/४. इथे Rr ला १/२ का? कारण R आईकडून आणि r बापाकडून येऊ शकतो, किंवा उलट. दोन वेगळे रस्ते, प्रत्येकी १/४, म्हणून बेरीज. हाच बेरजेचा नियम. RR आणि Rr दोन्ही गोलच दिसतात, म्हणून पुन्हा बेरीज: गोल ३/४, सुरकुतलेलं १/४. रंग आणि फूल यांचंही अगदी असंच.

मग एकेका फांदीला पुढच्या गुणाच्या फांद्या फोडत जायचं. यालाच फोर्क्ड-लाइन पद्धत म्हणतात. फांदीवरून चालताना गुणाकार करायचा:

```
गोल ३/४
  पिवळं ३/४
    जांभळं ३/४ → २७/६४
    पांढरं १/४ → ९/६४
  हिरवं १/४
    जांभळं ३/४ → ९/६४
    पांढरं १/४ → ३/६४
```

सुरकुतलेल्याची फांदी अशीच काढा, ९, ३, ३, १ येतील. सगळ्यांची बेरीज ६४ झाली पाहिजे. नाही झाली तर कुठेतरी फांदी सुटली आहे. ही तपासणी फुकटात मिळते, ती सोडू नका.

परीक्षेत खरा त्रास देणारा प्रश्न असा असतो: किमान दोन अप्रभावी गुण दिसण्याची शक्यता किती? नेमके दोन अप्रभावी असण्याच्या तीन फांद्या आहेत, प्रत्येक ३/६४. तिन्ही अप्रभावी असलेली एक, १/६४. एक झाड यांपैकी एकाच फांदीवर असू शकतं, म्हणून नुसती बेरीज: १०/६४, म्हणजे ५/३२. साधी खूण: एकाच फांदीवर ‘आणि’ आलं की गुणाकार, वेगवेगळ्या फांद्यांमध्ये ‘किंवा’ आलं की बेरीज.

आणि जनुकांचा अख्खा संच विचारला, तर सगळं झाड काढायचीही गरज नाही. RrYyPp संतती किती? १/२ × १/२ × १/२ = १/८. १८६६ मध्ये छापलेल्या निबंधात मेंडेलने तीन गुणांचा प्रयोग दिला आहे. त्याचा तिसरा गुण बीच्या सालीचा रंग होता, जो फुलाच्या रंगासोबतच जातो. ६३९ झाडांपैकी ७८ झाडं तिन्ही जनुकांत संकर निघाली. आपला १/८ सांगतो सुमारे ८०. मला हे फार आवडतं, कारण त्याने एवढी झाडं खरंच वाढवून मोजली होती.

पण गुणाकार करायची परवानगी कधी? तिन्ही जनुकं एकमेकांशी संबंध न ठेवता वाटली जात असतील तरच. एकाच गुणसूत्रावर जवळजवळ बसलेली जनुकं बहुतेकदा जोडीनेच जातात, आणि मग फांदीवरचा १/२ खोटा ठरतो. १९०५ च्या सुमारास बेटसन, सॉन्डर्स आणि स्वतः पनेट (चौकटवालाच!) यांना स्वीट पीमध्ये हे दिसलं: फुलाचा रंग आणि परागकणांचा आकार यांचं ९:३:३:१ बसेना, मूळ पालकांसारख्या जोड्या खूप जास्त येत होत्या.

हे ओळखायला टेस्ट क्रॉस करतात: RrYyPp × rryypp. इथे प्रत्येक फांदी १/२, म्हणून आठही प्रकार १/८. ८०० झाडं असतील तर प्रत्येक प्रकाराची साधारण १००. थोडा फरक नशिबाने पडतोच, ९२ किंवा १०७ आलं तर घाबरू नका. पण चार प्रकार भरभरून आणि चार अगदी थोडे आले, तर तीनपैकी दोन जनुकं जोडलेली आहेत. मग त्या दोघांसाठी मोजलेलं प्रमाण वापरून एकच एकत्र फांदी काढायची. तिसऱ्याचा गुणाकार मात्र तसाच चालतो.