फोनचं गाणं, टीव्हीचा गळा

टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाच्या विभागात ब्लूटूथ दिसतं, म्हणून माणूस तिथे जाऊन आपला फोन शोधू लागतो. यादीत मुलीचे इअरबड येतात, शेजाऱ्यांचा स्पीकरही येतो, पण हातातला फोन काही केल्या येत नाही. मग टीव्ही बिघडलाय किंवा फोन जुना झालाय, असं ठरवून नाद सोडला जातो. खरं तर दोन्ही ठीक असतात. ती यादी टीव्हीचा आवाज बाहेर, म्हणजे हेडफोनला किंवा साउंडबारला पाठवण्यासाठी असते. आपल्याला हवंय त्याच्या नेमकं उलट.

ब्लूटूथवरून संगीत पाठवण्याचे नियम २००३ मध्ये ठरले. तांत्रिक भाषेत त्यांना ए-टू-डी-पी म्हणतात. त्यात एक यंत्र पाठवणारं असतं आणि दुसरं घेणारं. फोन पाठवतो, हेडफोन घेतो. टीव्ही बनवणाऱ्यांनी बहुतेक वेळा टीव्हीलाही पाठवणाराच केलं, कारण रात्री घरच्यांची झोप न मोडता सिनेमा बघायचा ही मागणी मोठी होती. पाठवणारा आणि पाठवणारा समोरासमोर आले, तर गाणं घेणार कोण? काही टीव्हींत मात्र घेणाऱ्याची भूमिकाही दिलेली असते. टीव्हीच्या खोक्यावर ‘ब्लूटूथ ५.०’ छापलेलं असलं, तरी त्यावरून हे कळत नाही. तो आकडा ब्लूटूथच्या आवृत्तीचा आहे, भूमिकेचा नाही.

आपल्या टीव्हीत ही सोय आहे का, हे पाहण्यासाठी आवाजाचा विभाग सोडून अ‍ॅपच्या किंवा इनपुटच्या यादीत जावं. तिथे ‘Bluetooth Speaker’, ‘Bluetooth Audio’ किंवा ‘Sound Share’ अशा धर्तीचं काहीतरी सापडू शकतं. नाव प्रत्येकाचं वेगळं, कधी तर एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळं.

समजा हॉलमध्ये भिंतीवर ४३ इंची टीव्ही आहे आणि फोन अँड्रॉइडचा. आधी टीव्हीवर हा मोड उघडून तसाच राहू द्यायचा, कारण बऱ्याच टीव्हींत तो पडदा उघडा असेपर्यंतच टीव्ही इतरांना दिसतो. मग फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये नवीन यंत्र शोधायचं, टीव्हीच्या नावावर बोट ठेवायचं आणि दोन्ही पडद्यांवर एकच आकडा दिसला तर होकार द्यायचा. शोध फोनवरून घ्यायचा, टीव्हीवरून नाही. सगळी गोम इथेच आहे.

जोडणी झाली, तरी गाणं फोनमधूनच वाजतंय असंही होतं. अशा वेळी फोनमध्ये टीव्हीच्या नावाशेजारचं चक्र दाबून ‘Media audio’ हे बटण बघावं. ते बंद असेल तर चालू करावं. ते मुळात दिसतच नसेल, तर टीव्ही संगीत घेणारा म्हणून जोडला गेलेला नाही. कदाचित फोनचा रिमोटसारखा वापर करण्यापुरतीच ती जोडणी असेल. मग कितीही वेळा तोडा आणि जोडा, उपयोग नाही.

गाणं टीव्हीतून वाजू लागलं की आवाजाच्या दोन किल्ल्या हाती येतात, एक फोनची आणि एक टीव्हीची. फोनचा आवाज जवळपास पूर्ण ठेवावा आणि कमी-जास्त टीव्हीच्या रिमोटने करावं. उलट केलं, म्हणजे फोन हळू आणि टीव्ही मोठा, तर गाण्याबरोबर खरखरही मोठी होण्याची शक्यता असते. काही जोड्यांमध्ये दोन्ही किल्ल्या एकत्र बांधलेल्या असतात. एक हलवली की दुसरी हलते. तिथे प्रश्नच मिटला.

खरी गंमत यापुढे आहे, आणि तिथेच लोक हार मानतात. पखवाजाच्या साथीचा अभंग लावला, तर गायकाचा आवाज आणि टाळ स्वच्छ येतात, पण पखवाजाच्या धुमाचा घुमारा गायब. तबल्यात चाट कडक वाजते आणि डग्गा पुठ्ठ्यावर थाप मारावी तसा. यात ब्लूटूथचा दोष थोडा. पातळ टीव्हीत स्पीकर इवलेसे असतात आणि त्यांचं तोंड बहुधा खाली किंवा मागे भिंतीकडे असतं. खालच्या सुरांसाठी भरपूर हवा हलवावी लागते आणि तेवढी जागा तिथे नाही. सेटिंगमध्ये बास वाढवून थोडा फरक पडतो, फार ताणलं तर स्पीकर फडफडतो.

जे हातात आहे ते मात्र जरूर करावं. टीव्हीचं ध्वनी-सेटिंग बातम्या आणि मालिकांसाठी लावलेलं असतं. ‘Clear Voice’ सारखा पर्याय बोलण्याला उठाव देतो आणि गाण्याचा तोल बिघडवतो, म्हणून ‘Music’ किंवा ‘Standard’ निवडावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘Auto Volume’ बंद करावं. जाहिरात अचानक ओरडू नये म्हणून ती सोय आहे, आणि जाहिरातींसाठी ती उत्तमच. पण ख्यालाच्या संथ आलापीत ती तानपुरा उगाच वर उचलते आणि द्रुत सुरू झालं की गायकाला दाबते. गायकाने राखलेला चढउतार सपाट होतो. ही एक खूण बंद केल्यावर जो फरक पडतो, तो महागड्या केबलनेही पडत नाही असं माझं मत आहे.

गाणं अडखळू लागलं तर आधी फोन टीव्हीजवळ नेऊन बघावा. तेवढ्याने सुरळीत झालं, तर अडचण अंतराची किंवा मधल्या भिंतीची. जवळ नेऊनही अडखळत असेल, तर फोनमध्ये उतरवून ठेवलेलं एखादं गाणं वाय-फाय बंद करून लावावं. ते नीट वाजलं आणि इंटरनेटवरचंच तुटतंय, तर नेट मंद आहे किंवा वाय-फाय आड येतंय. ब्लूटूथ आणि जुनं वाय-फाय दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात चालतात आणि फोनमध्ये तर बहुधा एकाच चिपवर. राउटरला ५ गिगाहर्ट्झची सोय असेल तर फोन तिकडे वळवावा.

टीव्हीला साउंडबार ब्लूटूथनेच जोडलेला असेल, तर हा मोड बऱ्याचदा चालत नाही, कारण एकाच वेळी घेणं आणि पाठवणं प्रत्येक टीव्हीला जमत नाही. साउंडबार एचडीएमआय किंवा ऑप्टिकल वायरने जोडून बघावा. आणि फक्त गाणीच ऐकायची असतील तर ‘Screen Off’ किंवा ‘Picture Off’ शोधावं. टीव्हीच्या विजेचा मोठा वाटा पडद्याच्या उजेडात जातो.

ज्यांच्या टीव्हीत ही सोय मुळीच नाही, त्यांना ब्लूटूथ रिसीव्हर नावाची छोटी डबी मिळते. ती घेण्याआधी टीव्हीच्या मागे नीट पाहावं. तिथलं गोल छिद्र बहुतेकदा हेडफोनसाठी असतं, म्हणजे आवाज बाहेर काढणारं, आणि त्यात डबी लावून काहीच होणार नाही. लाल-पांढऱ्या पिनांचं एव्ही इनपुट हवं. डबी तिथे लावायची, वीज टीव्हीच्या यूएसबीतून द्यायची आणि रिमोटवर एव्ही हा सोर्स निवडायचा.

मात्र घरात कॅराओकेचा बेत असेल, तर यातलं काहीही कामाचं नाही. ब्लूटूथवरून आवाज पोचायला साधारण सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग जातो. नुसतं ऐकताना ते कळतही नाही, पण फोनच्या पडद्यावरचे शब्द वाचत टीव्हीच्या संगीतावर गायला लागलात की सम हुकायला तेवढा उशीर पुरतो. त्यासाठी सरळ वायर जोडावी, नाहीतर ट्रॅक टीव्हीच्याच अ‍ॅपमधून वाजवावा.