उसना आवाज, दोघांची संमती

‘वेट्टैयन’ (2024) या तमिळ चित्रपटात अमिताभ बच्चन यांच्या भूमिकेला आधी प्रकाश राज यांचा आवाज ऐकू आला. पुढे संगणकाच्या मदतीने तो बच्चन यांच्या आवाजासारखा करण्यात आला. अशा रूपांतरात शब्दफेक, विराम, श्वास डबिंग करणाऱ्याचेच राहतात. बदलतो तो आवाजाचा पोत. म्हणून संमती दोघांची हवी. अरिजित सिंग प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये परवानगीविना आवाजाची नक्कल प्रथमदर्शनी व्यक्तिमत्त्व हक्कांचा भंग मानली. तिथे प्रसिद्धीचा आधार होता. अनोळखी डबिंग कलावंताला तो नसतो, आणि त्याची खरी ढाल करारच. ध्वनिमुद्रण कोणत्या चित्रपटापुरते, त्यावरून यंत्राला शिकवता येईल का, प्रत्येक पुनर्वापराचे मानधन किती, हे त्यात लिहिलेलेच हवे.